दुकान हाती देताना : माल, देणे आणि उधारी

म्हसळ्याच्या बाजारपेठेतल्या आमच्या किराणा दुकानाचा गल्ला येत्या १ एप्रिलपासून मुलगा सांभाळणार आहे. भाव, वजन, गिऱ्हाइकाशी बोलणे हे त्याला लहानपणापासून येते. वह्या मात्र आजवर माझ्याच हाताखाली राहिल्या. त्या समजावून सांगणारे टिपण मी त्याच्यासाठी लिहिले. तालुक्याच्या गावात ज्यांचे दुकान आहे आणि ते पुढच्या पिढीकडे जायचे आहे, अशा घरांनाही ते उपयोगी पडेल, म्हणून इथे देतो. आकडे समजायला सोपे जावेत असे घेतले आहेत. रीत मात्र रोजच्या वापरातली आहे.

*

आपल्या दुकानात तीन वह्या आहेत. मालाची, व्यापाऱ्यांच्या देण्याची आणि गिऱ्हाइकांच्या उधारीची. तू त्या वेगवेगळ्या वाचतोस, पण तिन्हींत फिरणारा पैसा एकच आहे. व्यापाऱ्याने तो उधारीवर दिला, काही दिवस तो माल होऊन फळीवर बसला, मग गिऱ्हाइकाच्या घरी गेला आणि शेवटी गल्ल्यात परत आला. आज तो पैसा नेमका कुठे अडकला आहे, हे तीन वह्या मिळून सांगतात. एकटी वही ते सांगत नाही.

आपल्याकडे हा पैसा वर्षभर सारख्या चालीने फिरत नाही. मे महिन्यात आगोटीची खरेदी सुरू होते. डाळी, मिरची, कांदे, तेल, मीठ, प्लास्टिकचे कागद असा पावसाळ्याचा माल आपण एकदम भरतो आणि त्याची बिले जूनमध्ये देय होतात. त्याच वेळी गिऱ्हाइकाच्या हातातला पैसा आटतो. भाताच्या लावणीला मजुरी, बियाणे, खत लागते. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणून खाडीकाठच्या घरांतही रोकड नसते. मुलांच्या शाळेचा खर्च यातच येतो. मग गौरी-गणपतीला चाकरमानी गावी आले की बऱ्याच घरांची बाकी फिटते, आणि उरलेली भात झोडून झाल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे येते. म्हणजे जून ते सप्टेंबर आपण व्यापाऱ्याला देणे लागतो आणि गाव आपल्याला. तोट्यात गेल्यामुळे बंद पडणारी दुकाने थोडी असतात. या चार महिन्यांत रोकड संपली म्हणून बंद पडणारी जास्त असतात. पुढे जे लिहिले आहे ते सगळे हे चार महिने डोळ्यांपुढे ठेवून वाच.

आधी मालाची वही. प्रत्येक जिनसाला एक पान आहे. त्यावर तारीख, कोणाकडून आला, बिल नंबर, किती आला, घरपोच भाव आणि शिल्लक असे रकाने आहेत. घरपोच भाव हा शब्द नीट लक्षात ठेव, कारण विक्रीचा भाव त्यावरून ठरतो. समज, साखरेचा ५० किलोचा कट्टा २,१५० रुपयांना मिळाला. बिलावरून किलोला ४३ रुपये होतात. माणगाववरून टेम्पोचे भाडे आणि हमाली मिळून कट्ट्यामागे ४० रुपये धर. झाले २,१९०. आता कट्टा सुटा विकताना पूर्ण ५० किलो कधीच हाती लागत नाही. तराजू गिऱ्हाइकाच्या बाजूला थोडा झुकतो, थोडी साखर पोत्याला चिकटते. साडेएकोणपन्नास किलो धरले तर किलोचा घरपोच भाव ४४ रुपये २४ पैसे होतो. ४६ ला विकलीस तर बिलावरून तीन रुपये सुटल्यासारखे दिसतात, पण खरे सुटतात पावणेदोनच्या आसपास. म्हणून वहीत बिलाचा भाव लिहू नकोस, घरपोच भाव लिही.

प्रत्येक विक्री या वहीत उतरवायला गेलास तर आठवड्यात कंटाळशील आणि वही बंद पडेल. त्याची गरजही नाही. जे जिन्नस जास्त खपतात, असे पंचवीस-तीस, ते दर रविवारी दुपारी दुकान बंद असताना मोजायचे. बाकीचे तीन महिन्यांतून एकदा. गेल्या रविवारची शिल्लक अधिक आठवड्याची आवक, उणे आजची शिल्लक, म्हणजे आठवड्याचा खप. साखरेचेच घे. गेल्या रविवारी २ कट्टे आणि १८ किलो सुटी होती, म्हणजे ११८ किलो. आठवड्यात ५ कट्टे आले, २५० किलो. एकूण ३६८. आज ३ कट्टे आणि ३१ किलो सुटी आहे, म्हणजे १८१. खप झाला १८७ किलो, दिवसाला सुमारे २७. मागणी दिल्यापासून माल यायला तीन दिवस लागतात असे धरले तर त्या तीन दिवसांत ८० किलो जाईल. म्हणून उन्हाळ्यात २ कट्टे शिल्लक असतानाच फोन करायचा. पावसात दरड येऊन घाट बंद होतो, टेम्पो अडतो, तेव्हा आठवड्याचा माल हाताशी हवा, म्हणजे ४ कट्टे. हा आकडा त्या जिनसाच्या पानाच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. पेन्सिलीने अशासाठी की खप बदलला की तो बदलायचा आहे. मे महिन्यातल्या खपावर जुलैची मागणी देऊ नकोस, कारण मे मध्ये मुंबईची माणसे गावी असतात.

या हिशोबातून खप कळतो, पण त्यात चोरीही विक्रीच वाटते आणि नासाडीही. ते वेगळे काढायला दर आठवड्याला एकच जिन्नस निवड. त्याची प्रत्येक विक्री गल्ल्याजवळ टांगलेल्या कागदावर रेघेने मांड आणि रविवारी ताळा घाल. खोबरेल तेलाच्या बाटल्या २४ होत्या, ३६ आल्या, २१ उरल्या. गेल्या ३९, पण रेघा ३६. तीन बाटल्या कमी. कोणावर संशय घेण्याआधी तीन ठिकाणी बघ. एखादी बाटली फुटली किंवा गळकी म्हणून बाजूला ठेवली का, उधारीवर दिलेली लिहायची राहिली का, आणि घरात गेली का. माझा अनुभव असा की तूट बहुतेक वेळा घराच्या दिशेने गेलेली असते. तुझी आई, तुझी बायको, मी स्वतः, कोणीही दुकानातून वस्तू नेली की ती घरखर्चाच्या पानावर त्याच वेळी घरपोच भावाने लिहायची. हे पान नसेल तर दुकानाला तोटा होतोय की घर जास्त खातेय हे कधीच कळत नाही.

पावसाळ्यातल्या मालाबद्दल एक वेगळी गोष्ट. मीठ पाणी सोडते, गूळ पाझरतो, रव्या-बेसनात अळी होते, काडेपेटी दमट होते. जून लागायच्या आधी पोती जमिनीवरून फळ्यांवर घे आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेव. प्रत्येक पोत्यावर आल्याची तारीख खडूने नको, शाईच्या पेनाने लिही, आणि जुने पोते पुढे ओढून नवे मागे लाव. वही सांगते की माल आहे. तो विकण्याजोगा आहे का, हे पोत्यात हात घालूनच कळते. रविवारच्या मोजणीत नासलेला माल शिल्लकीत धरायचा नाही. तो त्याच दिवशी 'खराब' म्हणून खर्ची टाक.

मालाची वही आणखी एका दिवसासाठी लागते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा म्हसळ्यात कित्येकांच्या घरा-दुकानांचे पत्रे उडाले. अशा वेळी विमा कंपनी किंवा पंचनामा करणारा आधी एकच गोष्ट विचारतो, आदल्या दिवशी माल किती होता. तोंडी आकड्याला किंमत नसते. खरेदीची बिले आणि चालू वही दाखवावी लागते. विम्याची रक्कमही वहीवरूनच ठरव. माल ८ लाखांचा असताना विमा ४ लाखांचाच घेतला आणि २ लाखांचे नुकसान झाले, तर पूर्ण २ लाख मिळत नाहीत. विमा निम्म्या मालाचा होता म्हणून भरपाईही निम्मीच, म्हणजे एक लाखाच्या आसपास बसते. लहान दुकानांसाठी १ एप्रिल २०२१ पासून जी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आहे, तिच्यात विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ही कपात होत नाही. त्यापलीकडे मात्र होते. आपला माल सर्वात जास्त मे अखेरीला असतो. नूतनीकरणाच्या वेळी तो आकडा सांगायचा, मार्चमधला नाही. आणि दर रविवारी तिन्ही वह्यांच्या चालू पानांचे मोबाइलवर फोटो काढून ते पुण्याच्या ताईला पाठवत जा. वही भिजली तरी हिशोब राहील.

आता व्यापाऱ्यांचे देणे. त्याची सुरुवात टेम्पो दाराशी थांबतो तिथे होते. माल मोजल्याशिवाय चलनावर सही करायची नाही, पाऊस असो की ड्रायव्हर घाई करो. डबा गळका निघाला, नग कमी आला, मुदत जवळ आलेला माल आला, तर ते चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिही आणि खाली ड्रायव्हरची सही घे. नंतर फोनवर सांगितलेले व्यापारी मानतोच असे नाही. त्याचीही चूक नाही, त्याच्या गोदामातून माल पूर्ण निघालेला असतो.

व्यापाऱ्याच्या पानावर माल आला की रक्कम जमेला, पैसे दिले की नावे. गिऱ्हाइकाच्या पानावर उलट, माल दिला की नावे आणि पैसे आले की जमा. एवढे पक्के केलेस की कुठलीही वही वाचता येईल. पण व्यापारीवार पाने असली तरी पैसे कधी द्यायचे हे त्यावरून पटकन दिसत नाही. त्यासाठी वहीच्या मागच्या बाजूला मी तारखेची पाने केली आहेत. बिल आले की त्याच दिवशी त्याच्या देय तारखेच्या ओळीत व्यापाऱ्याचे नाव आणि रक्कम लिहायची. तेलवाल्याची मुदत सात दिवसांची, वाशीच्या बाजारातून येणाऱ्या डाळी-मसाल्याची महिन्याची, साबण-बिस्किटांच्या एजन्सीला पुढच्या फेरीला पैसे. मग सोमवारी सकाळी पान उघडले की या आठवड्यात किती द्यायचे ते एका नजरेत कळते. पुढच्या तारखेचा चेक दिलास तर तोही याच ओळीत, लाल शाईने. चेक परत गेला तर व्यापाऱ्याला बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवता येते, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी खटला उभा राहतो. खटल्यापर्यंत कोणी जात नाही म्हण, पण एक चेक परत गेला की तो व्यापारी उधारी थांबवतो आणि बाकीच्यांना आठवड्यात कळते.

पैसे कमी असतील तेव्हा कोणाला आधी द्यायचे, हे तुला ठरवावे लागेल. माझी रीत अशी : ज्याचा माल रोज खपतो आणि ज्याची मुदत सगळ्यांत कमी, त्याला आधी. तेल, साखर, पीठ हे अडले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते आणि जाताना बाकीची खरेदीही तिथेच करते. ज्याला उशीर होणार त्याला देय तारखेच्या आधी फोन कर आणि नेमकी तारीख सांग. 'बघतो', 'देतो' असे बोलू नकोस. अर्धी रक्कम पाठवलीस तरी चालेल, पण सांगितलेल्या दिवशी पाठव.

महिन्यातून एकदा मोठ्या व्यापाऱ्यांकडून खात्याचा उतारा मागव आणि आपल्या पानाशी जुळव. तो बहुतेक वेळा जुळत नाही, आणि त्याने घाबरायचे कारण नाही. समज, व्यापाऱ्याच्या उताऱ्यात आपल्याकडे ८६,४०० रुपये बाकी आहे आणि आपल्या वहीत ७९,१५०. फरक ७,२५०. आधी महिन्याच्या अखेरची बिले बघ. ४,८५० चे एक बिल ३० तारखेचे आहे, पण माल आपल्याकडे २ तारखेला उतरला, म्हणून आपण ते पुढच्या महिन्यात लिहिले. ते ठीक आहे. उरले २,४००. ते म्हणजे मुदत संपलेली बिस्किटे, जी आपण सेल्समनकडे परत दिली आणि देण्यातून वजा केली, पण व्यापाऱ्याने अजून क्रेडिट नोट काढलेली नाही. या दुसऱ्या प्रकारात आपले पैसे बुडतात. सेल्समन बदलतो, परत दिलेला माल कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून परत दिलेला माल, स्कीमचे पैसे, गळक्या डब्याची भरपाई हे सगळे व्यापाऱ्याच्या पानावर 'येणे बाकी' म्हणून वेगळे लिही आणि क्रेडिट नोट हातात आल्यावरच देण्यातून वजा कर. परत देताना सेल्समनची सही असलेला कागद नसेल तर माल परत देऊच नकोस.

आता उधारीची वही. या वहीबद्दल मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण तिच्यात आकडे कमी आणि माणसे जास्त आहेत.

एका घराला एक पान. तारीख, काय नेले, रक्कम, कोण घेऊन गेले, जमा आणि बाकी. कोण घेऊन गेले हा रकाना जुन्या वह्यांत नव्हता, तो मी नंतर वाढवला. भांडण रकमेवरून क्वचित होते, 'हे आमच्या घरी आलेच नाही' यावरून होते. नोंद माल हातात देतानाच करायची, संध्याकाळी आठवून नाही. प्रत्येक घराला आपण छोटी वही दिली आहे. तीत तीच रक्कम तुझ्या हाताने लिही. छोटी वही विसरून आलेल्याला माल दे, पण पुढच्या खेपेला वही आणवून आधीची नोंद पूर्ण कर. जमा रक्कम आली की ती गिऱ्हाइकासमोर लिही आणि नवी बाकी त्याला वाचून दाखव. मोबाइलवरून आलेले पैसेही लगेच पानावर चढव. बँकेच्या यादीत नाव वेगळेच असते. सून पैसे पाठवते आणि खाते सासऱ्याच्या नावावर असते.

कोणाला किती उधारी द्यायची, हे त्या घरात पैसा कधी येतो यावर ठरते. पानाच्या कोपऱ्यात मी एक अक्षर लिहिले आहे. 'म' म्हणजे महिन्याचा पगार किंवा पेन्शन. 'मुं' म्हणजे मुंबईहून येणारा पैसा, 'आ' म्हणजे आखातातून. 'भा' म्हणजे भातावर. 'मा' म्हणजे मासेमारी. 'म' च्या घरांना एका महिन्याच्या किराण्याहून जास्त बाकी चढू द्यायची नाही. त्यांचा पैसा ठरलेल्या तारखेला येतो, त्यामुळे दुसरा महिना न फिटता सुरू झाला तर काहीतरी बिघडले आहे असे समज. 'भा' आणि 'मा' च्या घरांना पावसाळ्यात तीन-चार महिने थांबावेच लागते. पण त्यांची मर्यादा मे महिन्यातच बोलून ठरवायची, ऑगस्टमध्ये नाही. 'वहिनी, यंदा गणपतीपर्यंत पाच हजारांपर्यंत लिहू, त्यापुढचे रोखीने घ्या,' असे मे मध्ये म्हटले तर कोणाला राग येत नाही. तेच ऑगस्टमध्ये दुकानात चार माणसांसमोर म्हटलेस तर ती वहिनी परत येत नाही.

यात एक मेख आहे. व्यापाऱ्याची मुदत तारखेने चालते आणि आपल्या गिऱ्हाइकाचा पैसा तिथीने. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे अठरा दिवस पुढे. व्यापारी अठरा दिवस थांबत नाही. त्या वर्षी आगोटीची खरेदी करतानाच डाळींच्या व्यापाऱ्याकडे मुदत वाढवून मागायची, किंवा माल दोन हप्त्यांत उचलायचा. रमजानही दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, तेव्हा खजूर, शेवया, रवा, तूप यांची मागणी त्याप्रमाणे सरकव. नवे कॅलेंडर आले की हे दिवस आधी देण्याच्या वहीच्या मागच्या पानांवर टाक.

उधारी बुडते आहे हे कसे ओळखायचे? उशिरा देणारा माणूस वाईट नसतो. आपल्याकडची कित्येक चांगली घरे वर्षातून दोनदाच हिशोब करतात आणि पूर्ण फेडतात. ज्याची बाकी प्रत्येक वेळी थोडी फिटते पण आधीपेक्षा वरच राहते, त्याच्याकडे लक्ष दे. पानावर वरून खाली नजर फिरवलीस की दिसते : शिमग्याला बाकी २,८००, गणपतीत दोन हजार भरूनही ४,१००, दिवाळीनंतर ५,६००. हा माणूस देत नाही असे नाही, पण त्याचा खर्च त्याच्या मिळकतीबाहेर गेला आहे. आणखी खुणा म्हणजे स्वतः यायचे सोडून लहान मुलांना पाठवणे, आणि रोखीचा माल दुसऱ्या दुकानातून घेऊन उधारीपुरते आपल्याकडे येणे.

अशा घराचा माल एकदम बंद केलास तर बाकीही जाते आणि गिऱ्हाईकही. तो लाजेने आपल्या दुकानासमोरून जाणेच टाळतो. त्याऐवजी जुनी बाकी गोठव. समज, ती ९,६०० आहे. ती नव्या पानावर वेगळी लिही, महिन्याला ८०० प्रमाणे बारा हप्ते ठरव आणि खाली त्याची सही घे. आजपासूनचा माल रोखीने. बोलणी दुपारी, दुकान रिकामे असताना किंवा त्याच्या घरी जाऊन करायची. लोकांसमोर बाकीचा आकडा कधीही उच्चारायचा नाही. मुलाच्या हाती आईसाठी निरोप पाठवायचा नाही. कोणाच्या घरी मृत्यू झाला तर दिवसकार्य होईपर्यंत बाकीचे नाव काढायचे नाही. नंतर घरातल्या कर्त्या माणसाला वही दाखवून पान समजावून सांगायचे. रोख्यावर किंवा दागिना ठेवून माल मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हण. तारण घेऊन देवघेव हा सावकारीचा धंदा आहे, त्याला सरकारी परवाना लागतो आणि आपल्याला तो करायचा नाही.

सहीबद्दल थोडे सविस्तर, कारण तुला ती उगाच वाटते. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत साधारणपणे तीन वर्षांची आहे. पैसे देण्याची मुदत ठरली नसेल तर ती माल दिल्यापासून मोजतात. ती संपायच्या आत गिऱ्हाइकाने लेखी बाकी मान्य करून सही केली तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. संपल्यावर घेतलेल्या सहीने हे होत नाही. आणि नुसती आपली वही पुरत नाही. नियमित ठेवलेली हिशोबाची वही पुरावा म्हणून बघतात, पण तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येत नाही, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे आणि आधीच्या कायद्यातही होते. म्हणून दर दिवाळीच्या पाडव्याच्या सुमारास प्रत्येक पानावर 'आजअखेर बाकी रुपये इतके मान्य' अशी ओळ, तारीख आणि सही. आपण कोणाला कोर्टात खेचणार नाही. पाच हजारांसाठी ते परवडतही नाही. पण वर्षातून एकदा माणूस आकडा वाचून सही करतो, तेव्हा त्या आकड्याबद्दलची शंका त्याच दिवशी निघते आणि मिटते.

आता तिन्ही वह्या एकत्र आण. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मोजणी झाल्यावर. घरपोच भावाने माल, अधिक गिऱ्हाइकांकडून येणे, अधिक गल्ला आणि बँक, उणे व्यापाऱ्यांचे देणे. वर्षाहून जुनी आणि हप्ते न येणारी उधारी यात धरू नकोस. मे अखेर माल ६,४०,०००, येणे १,८५,०००, रोख ७०,०००, एकूण ८,९५,०००. देणे ४,१०,०००. दुकानात आपले स्वतःचे ४,८५,०००. ऑगस्ट अखेर माल ४,२०,०००, येणे ३,३०,०००, रोख ४०,०००, एकूण ७,९०,०००. देणे २,९०,०००. आपले ५,००,०००. म्हणजे तीन महिन्यांत पंधरा हजार वाढले, आणि मधल्या काळात घरखर्चाला ७५,००० काढले होते, तर नफा ९०,००० झाला.

पण त्याच पानावर दुसरी गोष्ट वाच. देणे २,९०,००० आणि हातात ४०,०००. तारखेच्या पानांवर १० सप्टेंबरपर्यंत १,२०,००० द्यायचे आहेत, आणि गणपती १४ ला. रोजचा गल्ला आणि पगारदार घरांची पहिल्या आठवड्याची वसुली मिळून नव्या मालाचा खर्च जाता ६०,००० सुटतील असे धरले, तरी २०,००० कमी पडतात. हा खड्डा ऑगस्टच्या शेवटी दिसला तर उपाय आहे. एका व्यापाऱ्याकडून आठ दिवस मागायचे, कमी खपणाऱ्या मालाची मागणी थांबवायची, घरखर्चाची रक्कम पुढे ढकलायची. ९ सप्टेंबरला दिसला तर चेक परत जाण्यापलीकडे काही उरत नाही. नफ्याचा आकडा आणि या आठवड्याच्या रोकडीचा आकडा हे दोन वेगळे आहेत, आणि पावसाळ्यात दुसरा आधी बघायचा.

*

टिपण इथे संपते. वाचकांसाठी सोपवण्याच्या दिवसाबद्दल थोडे सांगतो. आम्ही ३१ मार्चला दुकान बंद ठेवून सगळा माल दोघांनी मिळून मोजणार आहोत, एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. त्या दिवशीची व्यापारीवार देण्याची यादी प्रत्येक व्यापाऱ्याच्या उताऱ्याशी जुळवून घेणार, आणि उधारीची यादी गिऱ्हाइकांच्या सह्यांसह तयार ठेवणार. प्रत्येक मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि जुन्या गिऱ्हाइकाकडे मुलाला घेऊन मी स्वतः जाणार, कारण आजवर उधारी माझ्या नावावर मिळाली आणि दिली गेली. जुनी देणी कोण फेडणार आणि जुनी येणी कोणाची, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या होणार. घरातल्या बाकीच्या भावंडांनाही तो कागद दाखवावा.

दुकान एकाच्या मालकीचे असेल तर जीएसटी नोंदणी त्याच्या पॅनवर असते. ती मुलाच्या नावावर नुसती बदलून मिळत नाही. मुलाला स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि धंदा हस्तांतरित करताना जुन्या खात्यातली न वापरलेली कर-वजावट GST ITC-02 या फॉर्मने त्याच्याकडे वळवता येते. हे जुनी नोंदणी रद्द करण्याआधी करावे लागते. विमा, बँकेचे खाते, अन्न परवाना आणि वजनकाट्याची कागदपत्रे यांवरचे नावही त्याच वेळी तपासून घ्यावे. यासाठी कर सल्लागाराकडे मार्चमध्ये धावू नका, जानेवारीतच जा.